जन्मदाखला आहे, पण बाळाचं नाव नाही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारसं बाराव्या दिवशी होतं, किंवा पाहुण्यांच्या सोयीने महिन्या-दीड महिन्याने. प्रसूतिगृहाला तोवर थांबता येत नाही. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत निबंधकाला द्यायची असते आणि बहुतेक रुग्णालयं आई-बाळ घरी गेल्यावर दोन-चार दिवसांतच फॉर्म भरून पाठवतात. त्या फॉर्मवर बाळाच्या नावाच्या रकान्यापाशी सूचनाच असते, की नाव ठेवलं नसल्यास जागा कोरी सोडावी. जागा कोरी सोडली जाते, नोंद होते, दाखला मिळतो. त्यावर जन्मतारीख, ठिकाण, आई-वडिलांची नावं सगळं असतं, फक्त बाळाचं नाव नसतं. पुढे शाळेत किंवा पासपोर्टच्या वेळी तो दाखला बाहेर निघतो आणि मग शेजारी, एजंट, झेरॉक्सवाला, जो तो वेगळा सल्ला देतो.

हे सल्ले तपासण्यासाठी एक उदाहरण धरून चालू. समजा, चिंचवडला राहणारी एक बाई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी कराडला गेली. २० नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या खासगी रुग्णालयात मुलगी झाली. रुग्णालयाने खबर दिली आणि २८ नोव्हेंबरला कराड नगरपालिकेत जन्माची नोंद झाली. बारसं १ डिसेंबरला, म्हणजे नोंदीनंतर तीन दिवसांनी झालं. दाखला आजोबांनी आणून कपाटात ठेवला. २०२६ मध्ये नर्सरीच्या प्रवेशासाठी तो काढला, तेव्हा नावाचा रकाना रिकामा असल्याचं आई-वडिलांच्या लक्षात आलं. आता त्यांना काय काय ऐकायला मिळेल आणि त्यातलं खरं किती, ते पाहू.

गैरसमज १: नाव नाही म्हणजे नोंद अपुरी आहे. नव्याने जन्म नोंदवावा लागेल.

वस्तुस्थिती: नोंद पूर्ण आहे आणि कायदेशीरही आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याने जन्माची नोंद आणि नावाची नोंद ही दोन वेगळी कामं मानली आहेत. त्यातलं कलम १४ केवळ नावासाठी आहे. ज्या बाळाचा जन्म नावाशिवाय नोंदवला गेला आहे, त्याच्या आई-वडिलांनी किंवा पालकाने ठरलेल्या मुदतीत निबंधकाला तोंडी अथवा लेखी नाव कळवावं, आणि निबंधकाने ते नोंदवहीत भरून तिथे आद्याक्षरी सही व तारीख टाकावी, असं ते कलम सांगतं. म्हणजे रिकामा रकाना ही कुणाची चूक नाही. नाव मागाहून येणार, हे कायद्याने गृहीतच धरलं आहे.

नव्याने नोंद करण्याचा सल्ला मात्र घातक आहे. एकाच जन्माच्या दोन नोंदी झाल्या तर दोन नोंदणी क्रमांक तयार होतात, आणि पुढे कुठेही पडताळणी झाली की दोन्हींवर संशय येतो. शिवाय आधी नोंद झालेली असताना ‘नोंद नाही’ असं लिहून देणं ही खोटी माहिती ठरते आणि खोट्या माहितीसाठी याच कायद्यात दंड आहे. आपल्या उदाहरणातल्या आई-वडिलांनी कराडच्या नोंदीला हात न लावता पुण्याकडे दुसरी नोंद करायचा प्रयत्न केला, तर आज केवळ एक रकाना भरायचा आहे, उद्या एक अख्खी नोंद रद्द करून घ्यावी लागेल.

गैरसमज २: आम्ही राहतो तिथल्या महापालिकेत काम होईल.

वस्तुस्थिती: जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. आई-वडिलांचा पत्ता कुठला, याचा नोंदीच्या ठिकाणाशी संबंध नसतो. नावही त्याच नोंदीत, त्याच कार्यालयात भरलं जातं. माहेरी बाळंतपण करण्याची आपल्याकडची पद्धत पाहता इथेच सर्वाधिक फेऱ्या वाया जातात. उदाहरणातल्या मुलीचं घर पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे, आधारवर पत्ताही तिथलाच आहे. तरी तिचं नाव भरण्याचा अधिकार कराड नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाचा आहे.

नेमकं कार्यालय कुठलं, हे दाखल्यावरच लिहिलेलं असतं. दाखला देणाऱ्या निबंधकाचं नाव आणि शिक्का पाहावा. गावात जन्म झाला असेल तर ग्रामपंचायत, लहान शहरात नगरपालिका किंवा नगरपंचायत, मोठ्या शहरात महापालिकेचं विभाग किंवा क्षेत्रीय कार्यालय, आणि काही सरकारी रुग्णालयांतले जन्म असतील तर त्या रुग्णालयातलाच निबंधक. खासगी रुग्णालय फक्त खबर देतं. नोंदवही त्याच्याकडे नसते. त्यामुळे ‘डॉक्टरांकडून नाव घालून घ्या’ हाही सल्ला निरुपयोगी आहे.

नोंद खूप जुनी असेल तर नोंदवही त्या कार्यालयातून वरच्या कार्यालयात जमा झालेली असू शकते. तेव्हा ‘रजिस्टर आमच्याकडे नाही’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नये. नोंदवही ताब्यात नसेल तर निबंधकाने पालकांनी दिलेली माहिती ती ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याच्याकडे पाठवायची, असं नियमातच आहे. अर्ज तिथेच द्यावा आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्यावी.

गैरसमज ३: वर्ष उलटून गेलं. आता कोर्टातून किंवा तहसीलदारांकडून आदेश आणावा लागेल.

वस्तुस्थिती: हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज आहे, आणि तो दोन कलमांची गल्लत झाल्यामुळे होतो. कलम १३ उशिरा केलेल्या जन्मनोंदणीबद्दल आहे. जन्म मुळात नोंदवलाच नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. अशा उशिराच्या नोंदींची प्रक्रिया राज्य सरकारने २०२५ मध्ये अधिक कडक केली. तेव्हापासून खिडकीवरचे कर्मचारीही कधी कधी ‘वर्षाच्या वरचं’ म्हटलं की सगळ्यांनाच तहसीलकडे पाठवतात. पण नोंद वेळेत झाली असेल आणि फक्त नाव राहिलं असेल, तर प्रकरण कलम १४ चं आहे. त्याला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत नाही.

नावासाठीची मुदत राज्याच्या नियमांत आहे. महाराष्ट्राच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नाव कळवलं तर विलंब शुल्क नाही. १२ महिन्यांनंतर, पण १५ वर्षांच्या आत कळवलं तर विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. हे शुल्क त्या नियमांत अवघं ५ रुपये होतं. दाखल्याच्या प्रतींचे पैसे वेगळे. आजचा दर कार्यालयातल्या फलकावर पाहावा आणि तेवढीच रक्कम पावती घेऊन भरावी. नाव घालण्यासाठी कुणी हजारांत पैसे मागत असेल, तर ती सरकारी फी नाही.

मुदत मोजायची ती नोंदणीच्या तारखेपासून, जन्मतारखेपासून नव्हे. दाखल्यावर दोन्ही तारखा वेगळ्या छापलेल्या असतात. उदाहरणातल्या मुलीचे १२ महिने २८ नोव्हेंबर २०२४ ला संपले, म्हणून २०२६ मध्ये तिच्या आई-वडिलांना विलंब शुल्क भरावं लागेल. १५ वर्षं मात्र २८ नोव्हेंबर २०३८ पर्यंत चालतील. म्हणजे कुठलाही आदेश न आणता ते थेट कराडच्या निबंधकाकडे जाऊ शकतात. अर्ज करताना ‘कलम १४ अन्वये बाळाचे नाव नोंदवण्याबाबत’ असा विषय ठळक लिहावा. विषयात ‘उशिरा नोंदणी’ किंवा ‘दुरुस्ती’ हे शब्द आले की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

१५ वर्षंही उलटून गेली असतील तर? नियमातली मुदत संपलेली असते आणि निबंधक स्वतःच्या अधिकारात नाव भरू शकत नाही. पण जुन्या नोंदींसाठी राज्य सरकारने वेळोवेळी खास मुदतवाढ दिलेली आहे. अशी एक मुदत २७ एप्रिल २०२६ पर्यंतची होती. ज्यांचे दाखले सत्तर-ऐंशीच्या दशकातले आहेत आणि परदेशातल्या मुलांकडे जाण्यासाठी किंवा तिथल्या नागरिकत्वाच्या कागदांसाठी ज्यांना नावासह दाखला हवा आहे, त्यांनी आधी निबंधक कार्यालयात एकच प्रश्न विचारावा: १५ वर्षांवरील नोंदींसाठी सध्या मुदत चालू आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि ओळखपत्रं घेऊन लगेच अर्ज करावा.

गैरसमज ४: आधारवर नाव आहे, शाळेत नाव आहे. दाखल्यावर नसलं तरी चालतं. नाहीतर प्रतिज्ञापत्र जोडू किंवा गॅझेट करून घेऊ.

वस्तुस्थिती: आधार, शाळेचं रजिस्टर आणि जन्मनोंदवही या तीन वेगळ्या यंत्रणा आहेत. एकीत घातलेलं नाव दुसरीत आपोआप जात नाही. आणि नाव नसलेला दाखला फक्त एवढंच सांगतो की अमुक आई-वडिलांना अमुक दिवशी मुलगी झाली. ती मुलगी म्हणजे समोर उभी असलेली हीच, हे त्यातून सिद्ध होत नाही. प्रतिज्ञापत्राने तात्पुरती अडचण एखाद्या ठिकाणी सुटते, पण नोंदवहीतला रकाना रिकामाच राहतो. गॅझेटची जाहिरात आधीच्या नावात झालेला बदल प्रसिद्ध करण्यासाठी असते. जिथे मुळात नावच नाही, तिथे तिचा उपयोग नाही, आणि तिच्यामुळे जन्मनोंद बदलतही नाही.

२०२३ पर्यंत अनेकांचं दाखल्यावरच्या नावावाचून निभावलं, कारण जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला किंवा इतर कागद चालत. आता तसं नाही. अधिनियमातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार यांकरिता जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पासपोर्टच्या नियमांतही २०२५ मध्ये तशीच दुरुस्ती झाली. उदाहरणातली मुलगी २० नोव्हेंबर २०२३ ची आहे, म्हणजे ती या नव्या व्यवस्थेतली आहे. तिच्यासाठी दुसरा कागद शोधत बसण्यात अर्थ नाही. दाखल्यावर नाव आणणं हाच मार्ग आहे. आधीच्या मुलांना इतर पुरावे अजून चालू शकतात, पण १५ वर्षांची मुदत त्यांच्यासाठीही धावतेच आहे.

गैरसमज ५: सध्या काहीतरी नाव घालून टाकू, पुढे हवं तर बदलू.

वस्तुस्थिती: रिकामी जागा भरणं सोपं आहे, भरलेली जागा बदलणं अवघड. नाव एकदा नोंदवहीत चढलं की प्रकरण कलम १४ मधून निघून कलम १५ मध्ये जातं. ते कलम चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीचं आहे. त्यात मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहिली जाते, आणि आधीची नोंद चुकीची होती हे पुराव्याने दाखवावं लागतं. ‘आम्हाला आता दुसरं नाव आवडतं’ किंवा ‘अंकशास्त्राप्रमाणे अक्षर बदलायचं आहे’ ही चूक नव्हे, ही निवड आहे. निवडीसाठी ते कलम नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी घरात बसून तीन गोष्टी कागदावर पक्क्या कराव्यात. पहिली, नाव कोणतं. पत्रिकेतलं आणि हाक मारायचं अशी दोन नावं असतील तर शाळेत आणि पासपोर्टवर जे चालणार आहे तेच द्यावं. दुसरी, इंग्रजी स्पेलिंग. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघतो आणि तक्रारी बहुधा इंग्रजीतच होतात. ‘श्रिया’मध्ये दोन ‘ई’ की एक ‘आय’, ‘आर्या’च्या शेवटी ‘ए’ एक की दोन, हे खिडकीवरच्या माणसाने ठरवू नये. मुलाचं आधार आधीच काढलेलं असेल तर त्यावरचं स्पेलिंग समोर ठेवावं. तिसरी, नावाबरोबर वडिलांचं नाव आणि आडनाव लावायचं का आणि कोणत्या क्रमाने. त्या कार्यालयात रकान्यात फक्त बाळाचं नाव लिहितात की पूर्ण नाव, हे विचारून घ्यावं आणि शाळेतही तसंच लावावं. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम लावण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे. त्या मुलांच्या पालकांनी हा क्रम लक्षात ठेवून चौकशी करावी.

याच वेळी आई-वडिलांच्या नावांकडेही पाहावं. माहेरच्या बाळंतपणात रुग्णालयाच्या केसपेपरवर आईचं माहेरचं आडनाव लागतं आणि तेच जन्मनोंदीत उतरतं, असं पुष्कळदा होतं. उदाहरणातल्या आईचं तसं झालं असेल, तर तिच्या आधारवर सासरचं आडनाव पाहून कारकून ‘ही व्यक्ती वेगळी’ म्हणून अर्ज परत करेल. विवाह नोंदणीचा दाखला सोबत असला की हे तिथल्या तिथे मिटतं. वडिलांच्या नावात खरोखर चूक असेल तर ती कलम १५ ची दुरुस्ती आहे. तिचा अर्ज वेगळा करावा, दोन्ही कामं एका अर्जात घालू नयेत.

गैरसमज ६: अर्ज दिला की काम झालं, किंवा वेबसाइटवर पैसे भरले की घरबसल्या नाव चढतं.

वस्तुस्थिती: नाव दाखल्यावर छापण्याआधी ते नोंदीत भरलं गेलं पाहिजे, आणि ते निबंधकच भरतो. बाहेरच्या एखाद्या दुकानात जुन्या दाखल्याच्या स्कॅनवर नाव टाइप करून आणलेला कागद दिसायला सारखाच असतो, पण नोंदीत नाव नसतं. शाळेत तो खपूनही जाईल, पासपोर्टच्या पडताळणीत पकडला जाईल, आणि बनावट कागद वापरल्याचा ठपका पालकांवर येईल. केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीच्या नावाने बनावट संकेतस्थळंही निघालेली आहेत. खऱ्या पोर्टलचा पत्ता dc.crsorgi.gov.in आहे. शेवटी gov.in नसेल तर तिथे माहिती भरू नये, पैसेही भरू नयेत.

उदाहरणातल्या आई-वडिलांनी करायचं काम प्रत्यक्षात एवढं आहे: निबंधकाच्या नावाने अर्ज, त्यावर आई किंवा वडिलांची सही. सोबत नाव नसलेला मूळ दाखला, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलीचं आधार असल्यास त्याची प्रत. मूल शाळेत जात असेल तर शाळेचं बोनाफाईड जोडतात. काही कार्यालयं प्रतिज्ञापत्रही मागतात, म्हणून निघण्याआधी फोन करून यादी विचारावी. आजी-आजोबा कराडलाच असले तरी कायदा आई-वडील किंवा पालकाचं नाव घेतो. आजोबांनी कागद नेऊन दिले तरी अर्जावर सही आई-वडिलांपैकी एकाची हवी. पूर्वीचा दाखला हरवला असेल तर आधी नोंदीचा शोध घेऊन त्याची प्रत काढावी लागते. त्यासाठी जन्मतारीख, रुग्णालयाचं नाव आणि आईचं त्या वेळी लावलेलं नाव सांगता आलं पाहिजे.

नवा दाखला हातात आल्यावर खिडकीवरून हलण्याआधी जुन्या दाखल्याच्या झेरॉक्सशी ताडून पाहावा. नोंदणी क्रमांक तोच हवा. नोंदणीची तारीखही तीच, २८ नोव्हेंबर २०२३, हवी. बदललेली असेल ती फक्त दाखला दिल्याची तारीख, आणि भरलेला असेल तो फक्त नावाचा रकाना. नोंदणी क्रमांक किंवा नोंदणीची तारीख बदललेली दिसली, तर नाव जुन्या नोंदीत गेलेलं नाही, दुसरी नोंद तयार झाली आहे. ती त्याच वेळी निदर्शनाला आणून द्यावी. क्यूआर कोड असेल तर तो मोबाइलवर उघडून त्यात नाव दिसतं का, हेही पाहावं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचावं, आणि एकाऐवजी तीन-चार प्रती घ्याव्यात.

घरातल्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आज बाहेर काढा. नावाचा रकाना आणि नोंदणीची तारीख, एवढ्या दोनच गोष्टी बघा. रकाना रिकामा असेल, तर त्या तारखेत १५ वर्षं मिळवा आणि येणारी तारीख दाखल्याच्या पाकिटावर लिहून ठेवा. अर्ज मात्र पुढच्या वेळी माहेरी, गावी किंवा त्या शहरात जाल तेव्हाच करून टाका.